एका गेटला माणसं किती?

सोसायटीची सचिव झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी गेटवरचा हजेरीपट घरी घेऊन आले. सेक्युरिटी एजन्सीच्या बिलावर सही करायची होती, त्याआधी दिवस मोजावेत, एवढंच मनात होतं. पटावर दोनच नावं होती. एक सकाळी आठ ते रात्री आठ, दुसरं रात्री आठ ते सकाळी आठ. महिना ३१ दिवसांचा होता आणि दोन्ही नावांपुढे ३१ हजेऱ्या होत्या. हिशोबाच्या दृष्टीनं बिल अगदी बरोबर होतं.

रात्री खाली गेले तेव्हा काका नुकतेच ड्यूटीवर आले होते. विचारलं, "काका, तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"सुट्टी कशी असेल, मॅडम? नाही आलो की खाडा लागतो."

म्हणजे ज्या दिवशी घरी राहायचं त्या दिवसाचा पगार सोडायचा. पुण्यातल्या आमच्या साठ घरांच्या सोसायटीत अकरा वर्षं असंच चाललं होतं आणि त्याच गेटमधून रोज चारदा ये-जा करणाऱ्या माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला आधी राग आला तो एजन्सीचा. पण जुन्या फायली काढल्या तेव्हा दिसलं, की एजन्सीच्या मूळ दरपत्रकात पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस यांच्या खाली 'रिलीव्हर चार्जेस, १६.६७ टक्के' अशी एक ओळ होती. तिच्यावर आमच्याच जुन्या कमिटीनं निळ्या पेनानं काट मारली होती. ही ओळ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मलाही ते समजायला आठवडा लागला.

ती ओळ म्हणजे गार्डची साप्ताहिक सुट्टी. सहा दिवस काम केलं की एक दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी गेटवर दुसरं कुणी तरी उभं राहायला हवं. त्या दुसऱ्या माणसाला या धंद्यात रिलीव्हर म्हणतात. सहा ड्यूट्यांमागे त्याची एक ड्यूटी, म्हणून पगाराचा सहावा हिस्सा, म्हणून १६.६७ टक्के. ही ओळ खोडली की गेट बंद होत नाही आणि बिल कमी होतं. सुट्टी तेवढी जाते.

आता मूळ गणित. गेट आठवड्यात १६८ तास उघडं असतं. एका माणसानं आठवड्याला ४८ तास काम करायचं आणि त्याला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी मिळायची, असं महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा सांगतो. १६८ ला ४८ नं भागा, साडेतीन येतात. दुसऱ्या बाजूनं पाहा. दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला २१ ड्यूट्या, एका माणसाच्या सहा. पुन्हा साडेतीनच. तीन कायमची माणसं आणि अर्धा रिलीव्हर. आमच्याकडे होती दोन माणसं, आणि प्रत्येकाचा आठवडा भरत होता ८४ तासांचा. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, हे शाळेत असताना मी पाठ केलं होतं. त्याच सुट्टीवर आमच्या फायलीत काट मारलेली होती.

अर्धा माणूस मिळत नाही, ही पुढची अडचण. एजन्सीच्या सुपरवायझरनं सुचवलं, की शेजारच्या इमारतीतही त्यांचंच एक गेट आहे, दोन्हीकडे मिळून एक रिलीव्हर ठेवू. कागदावर हे सुरेख बसतं. दोन गेटांच्या आठवड्याला ४२ ड्यूट्या, सहानं भागलं तर नेमकी सात माणसं. सहा जण आपापल्या पाळीवर, सातवा रोज एकेकाच्या जागी उभा राहतो आणि सातव्या दिवशी स्वतः सुट्टी घेतो. आम्ही हो म्हटलं.

तिसऱ्या सोमवारी सकाळी सहाला आलेला रिलीव्हर खुर्चीतच झोपला. शाळेची बस गेटबाहेर हॉर्न वाजवत राहिली. मी खाली गेले तेव्हा त्याचा डबा टेबलावर उघडाच होता आणि रिकामा होता. सकाळी सहाला ड्यूटीवर आलेल्या माणसाचा डबा रिकामा कसा? तो रात्रभर शेजारच्या इमारतीत होता. तिथली रात्रपाळी सहाला संपली आणि आमची पहिली पाळी सहालाच सुरू झाली. गार्ड लोक याला 'डबल' म्हणतात. आमच्या हजेरीपटावर त्याची एक हजेरी होती, शेजारच्या पटावर एक. दोन्ही पट आपापल्या जागी निर्दोष. तेव्हापासून मी एक नियम पाळते. रिलीव्हरचा फक्त आपल्याकडचा दिवस पाहायचा नाही, त्याचा अख्खा आठवडा मागवायचा.

तरीही साडेतीन हा आकडा अपुराच आहे, कारण त्यात फक्त साप्ताहिक सुट्टी धरलेली आहे. माणूस आजारी पडतो, गावी जातो, घरात लग्न निघतं. त्याच कायद्यानं वर्षाला आठ सणांच्या सुट्ट्या, आठ किरकोळ रजा आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा दिली आहे. वर्षाचे ३६५ दिवस घ्या. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या काढा, आठ सणाच्या काढा, आठ किरकोळ काढा, आणि साधारण चौदा अर्जित रजा काढा. हाती राहतात २८३ दिवस. एका गेटला वर्षाला लागतात १,०९५ ड्यूट्या. १,०९५ भागिले २८३ म्हणजे ३.८७. चार माणसं ठेवली तर त्यांच्या मिळून १,१३२ ड्यूट्या होतात. गरजेपेक्षा ३७ जास्त. वर्षभराची आजारपणं, बसचा खोळंबा, अचानक आलेली मर्तिकं यासाठी एवढीच शिल्लक. एका गेटला चार माणसं, हे उत्तर मी तेव्हापासून ठामपणे देते. चौथा माणूस म्हणजे चैन, असं कमिटीच्या बैठकीत कुणी म्हटलं तर हा भागाकार समोर ठेवावा.

माणसं ठरली की पाळ्यांच्या वेळा ठरवायच्या. सहा-दोन-दहा की सात-तीन-अकरा की आठ-चार-बारा? रहिवासी आपल्या सोयीनं विचार करतात, पण पाहायच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, पाळी बदलायची वेळ गर्दीत येऊ नये. आमच्याकडे सात ते नऊ शाळेच्या बसेस, कामवाल्या बायका आणि ऑफिसच्या गाड्या यांची झुंबड असते. त्या वेळी एक माणूस चार्ज देतोय आणि दुसरा घेतोय, म्हणजे गेटकडे दोघांचंही लक्ष नाही. दुसरी, दुसऱ्या पाळीचा माणूस घरी कसा जाणार? रात्री बारानंतर बस नसेल तर तो रस्त्यावर अडकतो, आणि महिन्याभरात काम सोडतो. आम्ही सहा-दोन-दहा घेतलं. दहाला सुटलेल्याला आमच्या नाक्यावरून बस मिळते.

आता प्रत्यक्ष तक्ता. चौघांना अ, ब, क, ड म्हणू. अ पहिल्या पाळीला, ब दुसऱ्या, क रात्री, आणि ड रिलीव्हर. अ ची सुट्टी सोमवारी, ब ची मंगळवारी, क ची बुधवारी. त्यामुळे ड सोमवारी सकाळी सहा ते दोन उभा राहतो, मंगळवारी दुपारी दोन ते दहा, आणि बुधवारी रात्री दहा ते गुरुवारी सकाळी सहा. गुरुवारी ड ची स्वतःची सुट्टी. शुक्रवार, शनिवार आणि रविवारी तो गेटवर दुसरा माणूस म्हणून येतो. पाहुणे, सामानाचे टेम्पो, घरपोच येणारी मुलं यांची गर्दी याच तीन दिवशी असते. शुक्रवारी तो दुपारी दोनला येतो, म्हणजे रात्रपाळीनंतर त्याला ३२ तास मिळतात. रविवारी मात्र त्याला सकाळीच बोलवायचं, कारण सोमवारी पहाटे सहाला त्याला पुन्हा पहिल्या पाळीवर उभं राहायचं असतं.

या तक्त्यात सगळं वजन सुट्ट्यांच्या क्रमावर आहे. ड सोमवारी दोनला सुटतो आणि मंगळवारी दोनला येतो. मध्ये २४ तास. मंगळवारी दहाला सुटतो आणि बुधवारी दहाला येतो. पुन्हा २४ तास. आता फक्त अ आणि क यांच्या सुट्ट्यांची अदलाबदल करा. क ची सोमवारी, अ ची बुधवारी. बाकी काहीही बदलू नका. ड सोमवारी रात्री दहाला येतो आणि मंगळवारी सकाळी सहाला सुटतो. त्याच दुपारी दोनला त्याची दुसरी पाळी सुरू. मध्ये आठ तास, त्यात जाणं-येणं, अंघोळ, जेवण आणि झोप. मंगळवारी रात्री दहाला सुटतो आणि बुधवारी सकाळी सहाला पुन्हा हजर. पुन्हा आठच तास. ड्यूट्या तेवढ्याच, तास तेवढेच, पगार तोच. पण एका तक्त्यात माणूस ताजातवाना येतो आणि दुसऱ्यात बुधवारी सकाळी तो खुर्चीत झोपणार हे सोमवारीच ठरलेलं असतं. पाळी पुढे सरकली पाहिजे, सकाळ, मग दुपार, मग रात्र. मागे सरकली की प्रत्येक बदलात सोळा तास कापले जातात. मी कुठलाही तक्ता हातात घेतला की आधी एवढंच पाहते. प्रत्येक माणसाची सुटण्याची वेळ आणि पुन्हा येण्याची वेळ यांत किती तास आहेत ते पेन्सिलीनं लिहिते. बारापेक्षा कमी आकडा दिसला की तिथे गोल.

क ची सुट्टीही नीट समजून घ्यायला हवी. रात्रपाळी दोन तारखांत पसरलेली असते. मंगळवारी रात्री दहाला सुरू झालेली ड्यूटी बुधवारी सकाळी संपते. ती कुठल्या तारखेची? हे आधी ठरवलं नाही तर सुपरवायझर म्हणतो, "बुधवारी सहा तास काम केलंय, सुट्टी कसली?" किंवा उलट, गार्ड बुधवारी सकाळी सुटतो, बुधवारी रात्री पुन्हा येतो, आणि पटावर मधला दिवस 'सुट्टी' म्हणून लागतो. प्रत्यक्षात त्याला मिळाले सोळा तास. आमचा नियम असा, की ड्यूटी ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेला मांडायची. म्हणजे बुधवारची सुट्टी असलेला क मंगळवारची रात्र करून बुधवारी सकाळी सहाला जातो तो थेट गुरुवारी रात्री दहाला येतो. चाळीस तास. अ आणि ब यांनाही त्यांच्या सुट्टीभोवती नेमके चाळीसच तास मिळतात. क चे त्यातले पहिले सहा-सात तास झोपेत जातात, तरीही दीड दिवस उरतो.

आठ तासांच्या आतला प्रश्न मी बरेच महिने टाळला होता. गेटवर एकच माणूस असताना तो जेवतो कधी आणि बाथरूमला जातो कधी? सलग काही तास काम झालं की अर्धा तास विश्रांती द्यायची असते. शुक्रवार ते रविवार ड असतो, तेव्हा प्रश्न नाही. सोमवार ते गुरुवार दिवसा आमचे माळीदादा अर्धा तास गेटवर बसतात. ते त्यांच्या कामात धरलं आहे आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. दुसऱ्या पाळीला कमिटीतला एक जण आठ ते साडेआठ खाली असतो. रात्री बारा ते पाच मोठं गेट कुलूपबंद करून छोटा दरवाजा आतून लावून घेतो, म्हणजे माणसाला दहा मिनिटं उठता येतं. चार्ज देणं-घेणंही यातच मोजावं लागतं. प्रत्येकानं पंधरा मिनिटं आधी यावं, असं आम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं. सहा दिवसांची पंधरा-पंधरा मिनिटं म्हणजे आठवड्याला दीड तास, आणि ४८ चे साडेएकोणपन्नास. ही वेळ कुणाच्या हिशोबात नव्हती. विश्रांतीचा अर्धा तास खरोखर मिळायला लागला तेव्हाच ती ४८ मध्ये बसली.

आता या तक्त्याची मर्यादा. वर्षाला ३७ ड्यूट्या शिल्लक असतात असं मी म्हटलं, पण त्या हव्या त्या आठवड्यात मिळत नाहीत. समजा, ब आठवडाभर गावी गेला. उरलेल्या तिघांच्या सहा-सहा मिळून अठरा ड्यूट्या होतात. गेटला लागतात एकवीस. तीन कमीच पडतात. मग तिघांपैकी कुणी तरी डबल मारतो किंवा सुट्टी सोडतो, आणि आपण पुन्हा खाड्याच्या जगात जातो. म्हणून एक-दोन दिवसांची रजा शक्यतो शुक्रवार ते रविवार घ्यावी, तेव्हा ड मोकळा असतो, असं आम्ही चौघांना सांगितलं. आठवड्याच्या रजेसाठी मात्र एजन्सीनं पाचवा माणूस द्यायचा, तो आधी एक पाळी आमच्या गेटवर जुन्या माणसाबरोबर काढून गेलेला असला पाहिजे, हे करारातच घातलं. साठ घरांची नावं, पंपाची बटणं आणि लिफ्ट अडकली तर किल्ली कुठे असते, हे नव्या माणसाला फोनवर सांगता येत नाही.

रजा कधी पडणार हे बऱ्याच अंशी आधीच माहीत असतं. आमच्या चौघांत एक कोकणातला आहे, त्याला गणपती आणि शिमगा सोडता येत नाही. दोन जण मराठवाड्यातले, त्यांची पेरणी जूनच्या पावसावर. चौथा बिहारचा, त्याला छठपूजेला घरी जायचं असतं, आणि रेल्वेचं आरक्षण करायचं तर तारीख दोन महिने आधी लागते. जानेवारीतच चौघांना एका टेबलाभोवती बसवून कॅलेंडरवर खुणा केल्या. दिवाळीला दोघांनी हात वर केला. त्यांनीच आपसांत ठरवलं, एक या वर्षी, एक पुढच्या वर्षी. सुपरवायझरनं ते ठरवलं असतं तर दोघांपैकी एक जण न सांगता गेला असता.

रात्रपाळी कायम एकाच माणसाकडे ठेवावी का? आमच्या क ला ती चालते. त्याची बायको दिवसा कामाला जाते आणि मुलीला शाळेतून आणायचं काम त्याचं आहे. पण इतरांनी तक्रार केली की दुसरी पाळी म्हणजे मुलांचं तोंड दिसत नाही. म्हणून आम्ही तीन महिन्यांनी पाळ्या फिरवतो. दर आठवड्याला फिरवणं मला मान्य नाही. शरीराला रात्रीच्या जागरणाची सवय व्हायच्या आतच पाळी बदलते, आणि माणूस ना दिवसाचा राहतो ना रात्रीचा.

फिरवायच्या आठवड्यातच तक्ते फाटतात. सुट्टीचा वार माणसाबरोबर नेला तर नव्या पहिल्या पाळीची सुट्टी बुधवारी येते आणि नव्या रात्रपाळीची मंगळवारी. मग ड मंगळवारची रात्र करून बुधवारी सकाळी सहाला सुटेल आणि त्याच मिनिटाला पहिल्या पाळीवर उभा राहील. म्हणून वार पाळीला चिकटवायचा, माणसाला नाही. पण तसं केलं की अ ची सुट्टी सोमवारवरून मंगळवारवर जाते, आणि मध्ये सलग सात ड्यूट्या पडतात. ब चंही तेच. यावर आम्ही शोधलेला उपाय असा. त्या आठवड्यात तिघांनाही दोन-दोन दिवस सुट्टी द्यायची. अ ला सोमवार-मंगळवार, ब ला मंगळवार-बुधवार, क ला बुधवार-गुरुवार. ड नं सोमवार ते गुरुवार चारही दिवस पहिली पाळी करायची आणि शुक्रवारी सुट्टी घ्यायची. त्याची आधीच्या रविवारची जादा ड्यूटी काढून टाकायची, नाहीतर त्याचेही सलग सात दिवस होतात. मंगळवारची दुसरी पाळी आणि बुधवारची रात्र, या दोनच ड्यूट्या उरतात, त्या पाचव्या माणसाला. अ बुधवारी दुपारी दुसऱ्या पाळीवर येतो, ब गुरुवारी रात्री, आणि रात्रीचा क शुक्रवारी सकाळी, पूर्ण ४८ तासांच्या विश्रांतीनंतर. वर्षातून चारदा दोन जादा ड्यूट्या, म्हणजे वर्षाला आठ. एवढा खर्च मला योग्य वाटतो.

खर्चाचा प्रश्न शेवटी सर्वसाधारण सभेत आलाच. दोनाचे चार करायचे म्हणजे सेक्युरिटीचा खर्च दुप्पट, असं एकांनी ठणकावून सांगितलं. तेव्हा मी फळ्यावर रुपये लिहिले नाहीत, तास लिहिले. बारा तासांच्या ड्यूटीवरचा एक माणूस आठवड्याला ८४ तास काम करतो. त्यातले ४८ साध्या दरानं. उरलेले ३६ जादा कामाचे, आणि जादा कामाचा दर कायद्यानं दुप्पट, म्हणजे ७२ तासांचे पैसे. एकूण १२० तासांचे. दोन माणसांचे २४० तासांचे. आता चार माणसं, प्रत्येकी ४८ तास. एकूण १९२ तासांचे पैसे. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. बारा तासांची पद्धत आठ तासांच्या पद्धतीपेक्षा महाग आहे. ती आम्हाला अकरा वर्षं स्वस्त वाटत होती, कारण प्रत्येक माणसाचे दर आठवड्याचे ३६ तास दुप्पट दर सोडाच, अनेकदा साध्या दरानंही दिले जात नव्हते. ठराव मंजूर झाला. घरटी देखभाल खर्च वाढला, त्यावर दोन घरांनी लेखी हरकत घेतली, ती नोंदवून ठेवली आहे.

काका आता पहिल्या पाळीला असतात. मागच्या महिन्यात त्यांच्या नावापुढे २६ हजेऱ्या होत्या आणि चार सुट्ट्या. पगार पूर्ण.

तुमच्या सोसायटीच्या कमिटीला या महिन्यात एवढंच विचारा, की एजन्सीच्या बिलाला गेटवरचा हजेरीपट जोडलेला आहे का? असेल तर तो हातात घ्या आणि प्रत्येक नावापुढच्या सुट्ट्या मोजा. तीस दिवसांच्या महिन्यात कुणाच्या नावापुढे तीस हजेऱ्या असतील, तर दरपत्रक बाहेर काढा आणि रिलीव्हरची ओळ कुणी खोडली ते बघा.